रिमोटला मराठी कळते काय?

टीव्हीच्या रिमोटवर माईकचे चित्र असलेले एक बटण अलीकडे बहुतेक नव्या संचांबरोबर येते. ते दाबून बोलावे आणि टीव्हीने आवाज कमी-जास्त करावा, चित्रपट शोधावा, यूट्यूब उघडावे, अशी ही सोय आहे. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचून चित्रपटाचे नाव लिहिण्याचा त्रास ज्याने सोसला आहे, त्याला तिचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना तर पडद्यावरील चित्रांच्या त्या गर्दीतून स्वतःच्या बळावर वाट काढण्याचे हे जवळजवळ एकच साधन आहे. सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावात मात्र या बटणापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. येथे घरात अहिराणी, गुजरी किंवा भिली बोलली जाते, शाळा-कचेरीत मराठी, आणि दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात परप्रांतीय व्यापाऱ्यांशी सौदा होतो तो हिंदीत. मग टीव्हीशी कोणत्या भाषेत बोलावे?

‘मराठीत, दुसरे काय!’ हे उत्तर मनाला पटणारे असले तरी ते अमलात आणू गेल्यास एक विचित्र अनुभव येतो. टीव्हीला दोन भाषा असतात, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात आलेले नसते. एक भाषा त्याच्या चेहऱ्याची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या पाट्यांची आणि सूचनांची. दुसरी त्याच्या कानाची, म्हणजे माईकमध्ये बोललेले ज्या भाषेत समजून घेतले जाते ती. अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या संचांत Settings, मग System (जुन्या संचांत Device Preferences) आणि त्यात Language असे गेले की भाषांची लांबलचक यादी उघडते. त्या यादीत सामान्यतः मराठी असते. ती निवडताच साऱ्या पाट्या मराठीत येतात आणि घरातील मंडळी खूष होतात. मग कोणीतरी माईकचे बटण दाबतो, आणि सहायक या भाषेत उपलब्ध नाही अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. चेहरा मराठी झाला, पण त्याबरोबर कान बंद झाला. याचे कारण असे की या संचांत कानाची भाषा बहुधा चेहऱ्याच्या भाषेमागून जाते, आणि कानाच्या भाषांची यादी चेहऱ्याच्या यादीपेक्षा कितीतरी आखूड आहे.

गूगलचा सहायक फोनवर मराठीत आला तो २०१८ साली. बोललेली मराठी ऐकून टंकलिखित करण्याची सोय तर त्याही आधी, २०१७ मध्ये आली होती. म्हणजे मराठी ऐकण्याची विद्या कंपनीजवळ नाही असे मुळीच नव्हे. परंतु टीव्हीवरील सहायकाच्या भाषांत हिंदीला जागा मिळाली, मराठीला मिळाली नाही. बंगाली आणि तमिळ यांसारख्या मोठ्या भाषांनाही फोनवर जे स्थान मिळाले ते टीव्हीवर मिळालेले नाही, तेव्हा ही एकट्या मराठीची उपेक्षा आहे असे समजण्याचे कारण नाही. ॲमेझॉनच्या अलेक्साला हिंदी येऊ लागली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही ऐकण्याची सोयही तिच्यात आहे, पण मराठीचा पर्याय तिच्यात नाही. घरोघर आज जे संच आहेत त्यांच्यापुढे, तेव्हा, खरी निवड मराठी की हिंदी अशी नसून, मराठी चेहरा घेऊन माईक सोडावयाचा की हिंदी पत्करून माईक वापरावयाचा, अशी आहे.

हिंदी पत्करली तर काय काय चालते आणि कोठे अडते, हे पाहावे म्हणून आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या घरी एक संध्याकाळ आम्ही या उद्योगात घालवली. संच कोणत्या कंपनीचा होता हे सांगण्याचे कारण नाही. प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. गुरुजी, त्यांच्या सूनबाई आणि नव्वदीकडे झुकलेल्या आजी असे तिघे आळीपाळीने बोलत होते आणि पडद्यावर काय उमटते ते मी वहीत उतरवून घेत होतो.

प्रयोगाचा वृत्तान्त देण्याआधी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण तिच्याविना पुढचे काहीच नीट उलगडणार नाही. आपण बोलतो तेव्हा यंत्रात तीन निरनिराळी कामे एकामागून एक होतात. पहिले काम ऐकण्याचे: कानावर आलेल्या ध्वनीचे शब्द बनवावयाचे. दुसरे काम हेतू ओळखण्याचे: या शब्दांतून माणसाला काय हवे आहे, आवाज कमी करावयाचा आहे की चित्रपट शोधावयाचा आहे, हे ठरवावयाचे. तिसरे काम यादीत शोधण्याचे: मागितलेले नाव कोणत्या चित्रपटाशी, कोणत्या वाहिनीशी जुळते ते पाहावयाचे. सुदैवाने बहुतेक संच पहिल्या कामाचा निकाल पडद्यावर दाखवितात; आपण बोलत असताना शब्द उमटत जातात. ते शब्द म्हणजे निदानाची नाडी होय. शब्दच चुकीचे उमटले तर कानाचा दोष. शब्द बरोबर उमटले आणि भलतेच काही झाले, तर दोष हेतू ओळखण्यात किंवा यादीत आहे. अशा वेळी तेच वाक्य अधिक मोठ्याने ओरडून काही उपयोग होत नाही. आपण मात्र नेमके तेच करतो.

गुरुजींनी सुरुवात शुद्ध मराठीत केली. ‘आवाज कमी कर’ म्हणताच आवाज कमी झाला. सर्वांना आश्चर्य वाटले. पण त्यात मराठीचे कर्तृत्व नव्हते. ‘आवाज’, ‘कमी’ आणि ‘कर’ हे तिन्ही शब्द हिंदीतही आहेत, आणि हिंदी कानाने ते हिंदी म्हणूनच ऐकले. लगेच गुरुजी म्हणाले, ‘आवाज वाढव.’ येथे गाडी अडली. ‘वाढव’ हा शब्द हिंदीच्या कोशात नाही; तेथे ‘बढ़ाओ’ आहे. यंत्राने ओळखीचा जवळचा शब्द शोधला, तो जुळेना, आणि पडद्यावर अर्थहीन काहीतरी उमटले. ‘टीव्ही बंद कर’ चालले, ‘यूट्यूब चालू कर’ चालले, पण ‘बातम्या लाव’ या साध्या आज्ञेचे ‘बात’ या शब्दापासून सुरू होणारे तुकडे झाले. ‘मराठी समाचार’ म्हणताच मात्र मराठी वृत्तवाहिन्या समोर आल्या. ज्या आज्ञांचे शब्द दोन्ही भाषांना सामाईक आहेत, किंवा जे इंग्रजीतून दोन्हीकडे आले आहेत, त्या मराठीत बोलल्या तरी खपतात. ज्यांचे क्रियापद खास मराठी आहे त्या खपत नाहीत. म्हणून हिंदी कानाशी बोलताना क्रियापद तेवढे हिंदी ठेवावे: ‘बढ़ाओ’, ‘लगाओ’, ‘दिखाओ’, ‘आगे करो’, ‘पीछे करो’. अशी पाच-सहा क्रियापदे पाठ केली की टीव्ही हाकण्याचे बहुतेक काम भागते. गुरुजींना कोणाही वडीलधाऱ्याला ‘करो’ म्हणणे जड जाते. यंत्राला म्हणण्यास त्यांची हरकत नव्हती.

खरी मौज पुढे, नावांच्या बाबतीत. सूनबाईंना ‘कट्यार काळजात घुसली’ हा २०१५ सालचा चित्रपट पाहावयाचा होता. नाव त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारले. पडद्यावर ‘कटार’ आली आणि ‘काळजात’चे ‘कालजात’ झाले. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, तेव्हा हिंदीचा कान ‘ळ’ ऐकतो तरी त्याला लिहितो ‘ल’. मराठीतील ‘च’ला दोन उच्चार आहेत: ‘चहा’तला एक आणि ‘चोर’, ‘चल’, ‘चूक’ यांतला दातांना जीभ लावून काढलेला दुसरा. हिंदीत हा दुसरा ‘च’ नाही. तो हिंदी कानाला कधी ‘स’सारखा तर कधी ‘त्स’सारखा भासतो. ‘जुना’तल्या ‘ज’ची आणि ‘झाड’तल्या ‘झ’ची गत तीच. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीभाषक ‘ग्य’ म्हणतात. म्हणून ‘ज्ञानेश्वरी’ मागावयाची तर मराठी उच्चाराने ती हिंदी कानात नीट शिरेलच असे नाही. लहानपणी ‘ळ’चा उच्चार घटवून घेताना गुरुजींनी ज्या पिढ्यांच्या पाठीत धपाटे घातले, त्यांतल्या एखाद्याने ‘आता ल म्हणा गुरुजी’ असे सांगावे अशी ही पाळी होती, आणि सूनबाईंनी ते सांगितलेही.

याउलट ‘नटसम्राट’ एका दमात सापडला. कारण उघड आहे. ‘नट’ आणि ‘सम्राट’ दोन्ही शब्द संस्कृतातून हिंदीतही आलेले. ‘सैराट’ हा शब्द हिंदीचा नव्हे, तरी तोही सापडला. २०१६ मध्ये तो चित्रपट इतका गाजला की त्याचे नाव भाषेच्या सीमा ओलांडून सर्वत्र लिहिले-बोलले गेले, आणि यंत्राचा कान अशा लिहिल्या-बोलल्या गेलेल्या शब्दांवरच तयार होत असतो. ‘श्वास’च्या वेळी निराळीच गंमत झाली. २००४ सालच्या या मराठी चित्रपटाचे नाव पडद्यावर अगदी बिनचूक उमटले, कारण ‘श्वास’ हिंदीतही आहे. पण समोर आले ते श्वसनाच्या व्यायामांचे आणि प्राणायामाचे कार्यक्रम. येथे कान बरोबर होता, हेतू चुकला. ‘पिंजरा’सारख्या नावाचेही तेच होण्याचा संभव, कारण १९७२ च्या शांतारामबापूंच्या मराठी चित्रपटाखेरीज त्याच नावाने सुरू होणारे हिंदीतही बरेच काही आहे. अशा नावांपुढे ‘मराठी फिल्म’ हे दोन शब्द जोडले, तर दुसऱ्या कामातील चूक बरीचशी टळते. पहिल्या कामातील चूक मात्र अशी जोड देऊन सुधारत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या कामातही एक अडचण आहे, आणि तिचा दोष कोणाच्या उच्चारावर टाकता येत नाही. पैसे भरून पाहावयाच्या सेवांच्या याद्यांत मराठी चित्रपटांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि रोमन लिपीत ‘घुसली’ किंवा ‘काळजात’ लिहिण्याची एकच रीत नाही. कानाने देवनागरीत शब्द दिला, यादी रोमनमध्ये. मध्ये जो दुवा जुळवावा लागतो तो कधी जुळतो, कधी निसटतो. यूट्यूबवर मात्र मराठी मंडळी आपल्या कार्यक्रमांची नावे देवनागरीतही लिहितात, तेव्हा तेथे देवनागरी शब्द देवनागरीला भेटतो आणि शोध अधिक सरळ होतो. एकच वाक्य एका ठिकाणी फळते आणि दुसऱ्या ठिकाणी वाया जाते, त्यामागे पुष्कळ वेळा एवढेच असते.

आजींना हवे होते कीर्तन. सूनबाईंनी त्यांच्या वतीने ‘कीर्तन लगाओ’ म्हटले. शब्द बरोबर उमटले, आणि पडद्यावर टाळ-ढोलकीच्या तालावर चाललेले हिंदी सामूहिक भजन व गुरुद्वारातील शबद-कीर्तन यांची रांग लागली. आजी काही वेळ मुकाट पाहत बसल्या. मग म्हणाल्या, हे गाणे झाले, कीर्तन कोठे आहे? त्यांचे बरोबर होते. आपल्याकडे कीर्तन म्हणजे अभंगाचे निरूपण, कथा, विनोद आणि उपदेश. उत्तरेत कीर्तन म्हणजे मुख्यतः नामगायन. शब्द एकच, वस्तू दोन. यंत्र हिंदीत ऐकत होते म्हणून त्याने हिंदीतली वस्तू आणून दिली. असे सामाईक परंतु अर्थाने वेगळे शब्द बरेच आहेत. हिंदी ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे ती छडीने होते. हिंदी ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. ही चूक सर्वांत फसवी असते, कारण पडद्यावरचे अक्षर न् अक्षर बरोबर दिसते. येथेही ‘मराठी कीर्तन’, किंवा त्याहून चांगले म्हणजे कीर्तनकाराचे नाव, हाच उपाय. ‘अभंग’ हा शब्द मात्र मराठी संतपरंपरेच्या ओळखीचा असल्यामुळे जवळजवळ नेहमी योग्य दारी नेतो.

आजी स्वतः बोलल्या तेव्हा हे सारे आडाखे कोसळले. त्या बोलतात ती अहिराणी. तिच्यात ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात, ‘आहे’ला ‘से’ म्हणतात, आणि मराठी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळ्याचा डोया, शाळेची शाया, काळ्याचा काया. म्हणजे ‘काळजात’चे हिंदी कान ‘कालजात’ करतो, आणि आजींच्या तोंडी ते मुळातच ‘कायजात’ असते. या शब्दाला तीन भाषांची तीन रूपे आणि यंत्राच्या यादीत त्यांतले एकच. दोन-तीन वेळा बोलून झाल्यावर आजींनी रिमोट सूनबाईंकडे दिला आणि म्हणाल्या, ‘हाऊ मनं आयकस नही.’ हा माझे ऐकत नाही. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा नोंदली गेली, आणि भिली-भिलोडीखाली एक कोटीहून अधिक लोकांची. आठव्या अनुसूचीत यांतली एकही भाषा नाही, आणि टीव्हीच्या कानात तर नाहीच नाही. म्हणजे उद्या टीव्ही मराठी ऐकू लागला तरी आजींना तो पहिल्या दिवशी ऐकेल असे नाही. तरीपण ‘ळ’ आणि ‘वाढव’ ओळखणारा कान त्यांना हिंदी कानापेक्षा निश्चितच जवळचा असेल.

आकड्यांबाबत थोडे सांगितले पाहिजे. बारा, तेरा, पंधरा, वीस हे आकडे मराठी उच्चाराने बोलले तरी हिंदी कान बहुधा धरतो, कारण त्यांची घडण जवळची आहे. ‘पन्नास’ आणि ‘पचास’ यांत फरक पडतो, आणि ‘एकोणसाठ’ला हिंदीत ‘उनसठ’ आहे हे आपल्या मुलांना माहीत असण्याची अपेक्षाच नको. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये बालभारतीने ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणण्याची रीत सुचविली तेव्हा केवढा वाद झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. मराठी संख्यावाचनाचे ते अवघडपण हिंदीत काही कमी नाही. मोठा आकडा सांगावयाचा झाल्यास एकेक अंक सुटा इंग्रजीत बोलणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग, आणि लोक तो आपोआप धरतातही.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ घरांत वाहिन्या येतात त्या छताच्या ताटलीला जोडलेल्या वेगळ्या सेट-टॉप बॉक्समधून. टीव्हीच्या रिमोटमध्ये आपण कितीही शुद्ध हिंदीत वाहिनीचा क्रमांक सांगितला, तरी तो टीव्हीने ऐकलेला असतो. बॉक्सला त्याची वार्ता सहसा नसते. आवाज वाढतो, कारण आवाज टीव्हीचा आहे. वाहिनी बदलत नाही, कारण वाहिनी बॉक्सची आहे. ‘याला हिंदीसुद्धा कळत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक माईक वापरणे सोडतात. वास्तविक भाषेचा येथे काही संबंध नाही. बॉक्सच्या रिमोटला स्वतःचा माईक असेल तर त्यात बोलावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब: बटण दाबताच घाईने बोलल्यास पहिले अक्षर गिळले जाते. दाबावे, पडद्यावर ऐकत असल्याची खूण दिसेपर्यंत क्षणभर थांबावे, रिमोट तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि मग बोलावे. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तर हे अंतर फार महत्त्वाचे.

ज्यांना मराठी सोडावयाचीच नाही त्यांच्यासाठी सध्याची सर्वांत चांगली वाट टीव्हीतून जात नाही, फोनमधून जाते. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडावी, यूट्यूबच्या शोधाच्या चौकटीत बोट ठेवून कीबोर्डवरचा माईक दाबावा आणि मराठीत बोलावे. सूनबाईंनी ‘कट्यार काळजात घुसली’ असे फोनला सांगितले तेव्हा ‘ळ’सकट सारी अक्षरे उमटली, आणि ‘वारकरी कीर्तन’ म्हणताच आजींना हवे होते ते आले. मग फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असले की वरच्या कोपऱ्यातील टीव्हीला पाठविण्याच्या खुणेवर बोट ठेवले, की कार्यक्रम मोठ्या पडद्यावर. हिची उणीव अशी की फोन हाताळणारे माणूस घरात लागते. आणि ज्या आजींसाठी हा खटाटोप, त्या नेमक्या फोनवर परावलंबी. बोलून आवाज वाढविणे, पुढे-मागे करणे यासाठीही ही वाट उपयोगाची नाही. तेव्हा एका घरापुरता विचार केला तर तडजोड अशी दिसते: टीव्ही हिंदीवर ठेवावा आणि त्याच्याकडून हाकण्याची कामे करून घ्यावी, मराठी नावांचा शोध फोनला सांगावा. घरात कोणी माईक वापरतच नसेल आणि पाट्या मात्र वाचणारे असतील, तर निःशंकपणे मराठी चेहरा निवडावा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या तडजोडीत एक गोष्ट खटकते. पॉल सॅम्युअलसन यांनी १९३८ साली मांडलेले एक तत्त्व आम्ही वर्गात शिकवितो: माणसाला काय आवडते हे त्याला विचारण्यापेक्षा तो प्रत्यक्ष काय निवडतो ते पाहा. परंतु या तत्त्वाला एक अट आहे. निवडलेली आणि न निवडलेली, अशा दोन्ही वस्तू त्याच्या आवाक्यात असावयास हव्यात. दुकानात ज्वारी ठेवलीच नाही आणि गिऱ्हाइकाने गहू नेला, तर त्याला गहू अधिक आवडतो असे म्हणता येत नाही. टीव्हीवर हिंदी लावणारे प्रत्येक मराठी घर कंपनीच्या हिशेबात हिंदीचे गिऱ्हाईक म्हणूनच मोजले जाण्याची शक्यता आहे. यंत्राला नवी भाषा ऐकावयास शिकविण्याचा खर्च जवळजवळ सगळा आरंभीचा असतो: हजारो माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, ते अक्षरशः लिहून काढा, त्यावर यंत्र घडवा. एकदा कान तयार झाला की पुढच्या प्रत्येक घरामागे येणारा खर्च नगण्य. मग कंपनी विचारते, या आरंभीच्या खर्चाने नवे गिऱ्हाईक किती मिळेल? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. बाजार लहान आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण हे लोक हिंदीवर भागवून घेत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा कान तयार करून कंपनीच्या विक्रीत भर पडते थोडी. आपले हिंदी येणे हेच आपल्या मागणीचे वजन कमी करते. आजींसारख्या ज्यांना हिंदी येत नाही त्यांनी रिमोट बाजूला ठेवला, तर त्यांची नोंद होते ती गैरहजेरी म्हणून. म्हणजे होतच नाही.

यंत्राला शिकविण्याचा माल केवळ कंपन्यांच्याच हाती राहू नये यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यातील ‘भाषादान’ उपक्रमात कोणीही आपल्या भाषेत वाक्ये वाचून आवाज देऊ शकतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या संग्रहातही मराठी आहे. शहरी, सुशिक्षित, वाचून दाखविणाऱ्या आवाजांचा अशा संग्रहांत भरणा होणे स्वाभाविक आहे, आणि त्यावर घडलेला कान गुरुजींना ऐकेल पण आजींना ऐकणार नाही, हा धोका येथेही उरतो. आमच्या महाविद्यालयातील मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून मराठीची वाक्ये त्यांच्या उच्चारात बोलून घ्यावी, असे मी सुचविले आहे. अनुसूचीबाहेरच्या अहिराणीला या व्यवस्थेत वेगळी जागा नाही. खानदेशी वळणाच्या मराठीला आहे.

दरम्यान संच बदलत आहेत. गूगलने आपल्या जुन्या सहायकाच्या जागी जेमिनी आणावयास घेतला आहे. त्याचे फोनवरील ॲप २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले, आणि २०२५ पासून तो गूगल टीव्हीवर टप्प्याटप्प्याने येऊ लागला. कोणत्या संचावर, कोणत्या देशात आणि कोणत्या भाषेत तो केव्हा उतरेल हे जाहिरातीवरून ठरवू नये. जाहिरातीतील ‘मराठीत उपलब्ध’ हे शब्द चेहऱ्याविषयीही असू शकतात. नवा संच घेताना दुकानातच, आणि घरच्या संचात नवी सुधारणा उतरल्यावर, भाषा मराठीवर नेऊन तीन वाक्ये बोलून पाहावी. पहिले ‘आवाज वाढव’. दुसरे ‘बातम्या लाव’. तिसरे ‘कट्यार काळजात घुसली’. नजर कार्यक्रमावर न ठेवता उमटणाऱ्या अक्षरांवर ठेवावी. पहिल्या दोन वाक्यांत संचाचा हिंदी कान अडखळून कळतो. तिसऱ्यात पडद्यावर ‘ळ’ उमटला तर कान मराठी आहे, ‘ल’ उमटला तर दुकानदार काहीही म्हणो, तो हिंदीच आहे.